सायकल ट्रॅक, सामायिक वाट की मोटारींची लेन?

भाच्याला अकोट्यात नोकरी लागली आणि दांडिया बाजारातून रोज सायकलनेच जायचं त्यानं ठरवलं. मधे विश्वामित्रीवरचा पूल. "मामा, कुठून चालवू?" एवढंच त्यानं विचारलं. बडोद्यातच काय, कुठल्याही शहरात नव्यानं सायकल काढणाऱ्याला हे ठरवावंच लागतं.

वेगळा सायकल ट्रॅक सगळ्यांनाच आवडतो. दगडी कड किंवा खांब असले की मागून धडक बसण्याची भीती जवळजवळ संपते. पण ट्रॅकवरचा खरा धोका मधल्या सरळ रस्त्यावर नसतो, तो असतो ट्रॅक गल्लीला किंवा चौकाला येऊन मिळतो तिथे. डावीकडे वळणारा मोटारवाला पुढे बघत असतो आणि त्याच्या डाव्या हाताला सायकल सरळ येत असते, ती त्याला दिसत नाही. बस किंवा टेम्पो असेल तर अजिबातच नाही. म्हणून ट्रॅक बघायला जाल तेव्हा त्याची लांबी बघू नका, किलोमीटरभरात तो किती फाटकं आणि गल्ल्या ओलांडतो ते मोजा. दर पन्नास पावलांवर सोसायटीचं फाटक असेल आणि मधे हातगाडी उभी असेल, तर दरवेळी ट्रॅकवरून रस्त्यावर उतरावं लागतं. असा ट्रॅक साध्या रस्त्यापेक्षा वाईट, कारण सायकलस्वार मोटारीच्या पुढ्यात अचानक उगवतो.

पायी चालणाऱ्यांबरोबरची सामायिक वाट लहान मुलांसाठी आणि नवशिक्यांसाठी चांगली, पण वेग चालण्याच्या जरा वर ठेवता आला तरच. ताशी वीसनं जायचं असेल तर तिथे जाऊ नये. आजोबा फिरता फिरता एकदम वळतात, आणि घंटा वाजवली की माणूस नेमका त्याच बाजूला सरकतो. रोजच्या ऑफिसच्या वाटेसाठी मी ती सुचवणार नाही.

उरली मोटारींची लेन. हिचा निर्णय सायकलस्वारापेक्षा मागून येणाऱ्यावर जास्त अवलंबून असतो, म्हणून इथे थोडं थांबतो. ब्रिटनच्या रस्तेसंहितेत 2022 पासून ताशी 30 मैलांपर्यंत किमान दीड मीटर अंतर सोडायला सांगितलं आहे, जर्मनीत गावात दीड आणि गावाबाहेर दोन मीटर. दीड मीटर म्हणजे किती ते समजावं म्हणून आम्ही वाड्यात मोटारीशेजारी सायकल लावून टेपनं मोजलं. हँडलपासून मोटारीच्या आरशापर्यंत दीड मीटर ठेवल्यावर भाच्यानं सीटवर बसून हात आडवा केला, तरी आरसा त्याच्या बोटांपासून दोन हात लांब होता. "एवढं?" तो म्हणाला. हो, एवढं. खड्डा चुकवताना सायकल नकळत हातभर उजवीकडे जाते, आणि बसच्या वाऱ्यानं ती डगमगते.

आता साडेतीन मीटरची लेन घ्या. सायकलचं चाक कडेपासून पाऊण मीटरवर, म्हणजे गटाराची जाळी आणि खडी चुकेल इतकं. हँडलची उजवी मूठ साधारण एक मीटरवर येते. त्यात दीड मीटर मिळवले की अडीच, आणि पुढे आरशांसकट दोन मीटरची मोटार. बेरीज साडेचार! म्हणजे त्याच लेनमधून सुरक्षित पुढे जाणं शक्यच नाही, मोटारीला मीटरभर शेजारच्या लेनमध्ये जावंच लागतं. बस असेल तर जवळजवळ पूर्ण लेन बदलावी लागते. "थोडं दाबून काढतो" म्हणणारा ड्रायव्हर हे अंतर सायकलस्वाराच्या वाट्यातूनच काढतो.

शेजारची लेन मोकळी नसेल तर मागे थांबायचं. त्यात जातो किती वेळ? ताशी 15 नं चाललेल्या सायकलमागे शंभर मीटर थांबलात तर 24 सेकंद, ताशी 40 नं गेलात तर 9. फरक पंधरा सेकंदांचा, आणि पुढच्या सिग्नलला तो बहुधा भरूनही निघतो. ओव्हरटेक केल्यावरही लगेच डावीकडे यायचं नाही. सायकलस्वार आतल्या आरशात पूर्ण दिसू लागला की मग यायचं. पुढे लगेच डावीकडे वळायचं असेल तर ओव्हरटेक करूच नये, सायकलच्या मागेच राहावं.

पुलासाठी मी भाच्याला लेनच सांगितली, पण कडेला चिकटून नाही. जिथे लेन अरुंद आहे तिथे लेनच्या मधे चालव, म्हणजे मागच्याला दाबून काढायची जागा दिसणारच नाही. पूल संपून रस्ता रुंद झाला की डावीकडे ये. उभ्या मोटारींपासून मात्र मीटरभर लांब राहा, कारण दार कधी उघडेल सांगता येत नाही. त्याच्या वडिलांना वेगळं सांगितलं: उजव्या बाजूचं दार डाव्या हातानं उघडा, म्हणजे अंग आपोआप वळतं आणि मागून येणारी सायकल दिसते.