STS3215 सर्वोंची साखळी: काही महिने वापरल्यावर

SO-101 रोबॉट आर्म बरेच महिने रोज चालतोय, सहाही जॉइंटला फीटेकचे STS3215, 7.4 व्होल्टवाले. प्रत्येक सर्वोला दोन सॉकेट, तीन वायरी, एकातून दुसऱ्यात लावत जायचं, कंट्रोलर बोर्डवरून एकच केबल निघते आणि बेसपासून ग्रिपरपर्यंत सगळं तिच्यावर. पीडब्ल्यूएम सर्वोंचं जंजाळ ज्यांनी बांधलंय त्यांना यातलं सुख कळेल.

आयडीचं आधी. सगळे सर्वो आयडी 1 घेऊनच येतात, त्यामुळे एका वेळी एकच बोर्डला लावून नंबर द्यायचा, दोन सारखे आयडी बसवर असले की दोघं एकदम उत्तर देतात आणि चेकसम जुळत नाही. आयडी EEPROM मध्ये असतो, पत्ता 5, पण आधी पत्ता 55 वरचं लॉक उघडावं लागतं, नाहीतर नवीन नंबर चालू सेशनपुरता दिसतो आणि पॉवर काढली की परत 1. आयडी 1 चा 3 करायचा तर हेक्समध्ये असं:

```
FF FF 01 04 03 37 00 C0
FF FF 01 04 03 05 03 EF
FF FF 03 04 03 37 01 BD
```

तिसरी ओळ नीट बघा, लॉक परत लावताना 3 लाच हाक मारायची, कारण तोवर त्याचं नाव बदललेलं असतं. नंबर दिला की लगेच सर्वोवर मार्करने लिहा, आर्म जोडल्यावर सगळे सारखेच दिसतात.

आता खरी मजा फीडबॅकची. पत्ता 56 पासून सलग 8 बाइट मागितले की पोझिशन, स्पीड, लोड, व्होल्टेज, टेंपरेचर सगळं एकाच उत्तरात येतं, वेगवेगळं मागत बसू नका. एल्बोचं, म्हणजे आयडी 3 चं, एक उदाहरण, वर प्रश्न आणि खाली उत्तर:

```
FF FF 03 04 02 38 08 B6
FF FF 03 0A 00 A2 08 00 00 78 04 47 29 5C
```

यात लहान बाइट आधी येतो, म्हणून A2 08 म्हणजे 2210. पूर्ण फेरीत 4096 स्टेप, मध्य 2048, म्हणजे एल्बो मध्यापासून साधारण 14 अंश पुढे. लोड 78 04 म्हणजे 1144, आणि इथे बरेच जण अडकतात, कारण लोड 1000 च्या वर जायला नको. दहावा बिट दिशेचा आहे, 1024 वजा करा, उरले 120, म्हणजे उलट्या दिशेला 12 टक्के. शेवटी 47 म्हणजे 7.1 व्होल्ट आणि 29 म्हणजे 41 अंश सेल्सिअस.

पण हे 12 टक्के वजनाचे नाहीत हो. आत टॉर्क मोजणारा सेन्सरच नाही, मोटरला किती टक्के ड्यूटी दिली जातेय तेवढंच तो सांगतो. गिअरबॉक्स जवळजवळ 1:345 चा, त्यामुळे घर्षण भरपूर, तेच वजन त्याच कोनात धरलं तरी हात खालून वर येऊन थांबला तर आकडा मोठा येतो आणि वरून खाली येऊन थांबला तर बराच लहान, कारण तेव्हा घर्षणच वजन तोलत असतं. म्हणून मला वजनाचा अंदाज हवा असेल तर मी दोन्ही बाजूंनी त्या कोनावर येतो आणि सरासरी घेतो. रिकाम्या हाताचा आकडा त्याच कोनात आधीच घेऊन ठेवायचा आणि तो वजा करायचा, तेव्हा कुठे तुलना करण्यासारखं काहीतरी हाती लागतं.

व्होल्टेज मी आता लोडसोबतच वाचतो. साखळीतल्या शेवटच्या सर्वोला जाणारा करंट आधीच्या सगळ्या बारीक वायरी आणि कनेक्टरमधून जातो, त्यामुळे शोल्डरने हात पूर्ण पसरून वजन उचललं की ग्रिपरकडचं व्होल्टेज खाली येतं. व्होल्टेज पडलं की तेवढ्याच टॉर्कसाठी ड्यूटी वाढते, म्हणजे लोडचा आकडा वाढतो आणि वाटतं वजन वाढलं. कुठे पडतंय ते शोधायचं तर हात त्याच जड पोझमध्ये ठेवून 1 ते 6 सगळ्यांचं व्होल्टेज ओळीने वाचा, हळूहळू उतरत गेलं तर वायरीमुळे, दोन शेजाऱ्यांमध्येच एकदम उडी दिसली तर मधला कनेक्टर ढिला. सहाही सारखेच पडले तर ॲडॅप्टरच कमी पडतोय. लांब आर्म असेल तर मध्यात पॉवरची वेगळी जोडी त्याच सप्लायवरून आणून द्या.

ग्रिपरसाठी मात्र लोड फारच कामाचा आहे. पत्ता 48 वर टॉर्क लिमिट कमी ठेवतो, मग बंद करायला सांगतो, आणि पोझिशन हलायची थांबली, लोड लिमिटला टेकला, तरी टार्गेट अजून लांब आहे असं दिसलं की काहीतरी पकडलंय. नुसत्या लोडवर ठरवलं तर हालचाल सुरू होतानाचा झटकासुद्धा पकड वाटतो, म्हणून पोझिशन सोबत हवीच. आणि पकडून बराच वेळ धरायचं असेल तर टेंपरेचरवर लक्ष ठेवा, सर्वोची स्वतःची मर्यादा 70 अंशांची असते आणि ती ओलांडली की तो टॉर्क सोडतो, हातातली वस्तू खाली. मी 55 लाच टार्गेट थोडं उघडून लोड उतरवतो, मऊ वस्तू तेवढ्यावरही पकडीत राहते.