कोल्हापुरी चपलेचे कटआउट आणि जिम्प: काही महिने वापरल्यावर

कोल्हापुरातल्या चप्पल दुकानदारांना फोटोतली मागची बाजू काढून देणं हे माझं रोजचं काम आहे, आणि गेले काही महिने ते मी जिम्प या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवरच करतोय. फुकट आहे, माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतं, आणि पेनसारखं पाथ टूल कातड्याच्या कडेवर मस्त बसतं. सिलेक्शनबद्दल माझी फारशी तक्रार नाही. वेळ जातो तो एक्स्पोर्टच्या आधी कडा तपासण्यात, म्हणून त्याबद्दलच लिहितो.

सिलेक्शनभोवती फिरणाऱ्या तुटक रेषेवर विसंबू नका. ती फक्त अर्ध्याहून जास्त निवडलेल्या भागाची हद्द दाखवते. दहा-वीस टक्के निवडलेले पिक्सेल तिच्या बाहेर राहतात आणि कटआउटमध्ये मात्र येतात. मी Ctrl+T ने ती रेषा लपवतो आणि सिलेक्शनचा लेयर मास्क करून घेतो. लाल झाक देणारा क्विक मास्कही आहे, पण तपकिरी कातड्यावर लाल रंग नीट कळत नाही. त्याचा रंग निळा करून घेतला तर बरा.

पारदर्शक भागाच्या जागी दिसणारे करडे चौकोनसुद्धा फसवतात. करडा ना धड उजळ ना धड गडद, त्यामुळे फिकी किनार त्यात खपून जाते. म्हणून खाली दोन लेयर ठेवतो: एक गडद हिरवा, एक पांढरा. फोटोशॉपमध्ये काळ्या आणि पांढऱ्यावर पाहायला एकेक की पुरते. इथे लेयरचा डोळा चालू-बंद करत बसावं लागतं. मला जिम्पमध्ये खटकणारी हीच एक गोष्ट.

उदाहरण घेऊ. वेणी आणि गोंडा असलेली तपकिरी चप्पल, पांढऱ्या चार्टपेपरवर काढलेला फोटो, दिवाळीच्या लाल फ्लेक्ससाठी. पांढऱ्या लेयरवर काम एकदम चोख दिसत होतं. ते दिसणारच! कडेच्या पिक्सेलमध्ये थोडं कातडं आणि थोडा चार्टपेपर मिसळलेला असतो, आणि पांढऱ्यावर तो पांढरा कुणाला दिसणार? हिरवा लेयर लावला की टाचेभोवती उजळ रेघ, वेणीच्या विणीत राहिलेले पांढरे त्रिकोण आणि तळाखाली फिकट पट्टी, असं सगळं एकदम वर आलं. पट्टी म्हणजे कागदावरची सावली. पांढऱ्यावर ती खरीखुरी सावली वाटते, हिरव्यावर मात्र चपलेला राखाडी जादा तळ लावल्यासारखी. हे असंच फ्लेक्सवर गेलं तर मालक विचारणार, “ह्या चपलेला पांढरी लेस कुणी लावली वो?”

उलटही होतं. गडद तळाची कड कापताना आत घुसली असेल, तर ते गडद लेयरवर लपतं आणि पांढऱ्यावर चावा घेतल्यासारखं दिसतं. म्हणून दोन्हीवर पाहायचं.

झूमचं म्हणाल तर कीबोर्डवर 2 दाबून 200 टक्के करतो आणि स्पेसबार दाबून माउसने कडेकडेने एक पूर्ण फेरी मारतो. वेणीपाशी 3, म्हणजे 400 टक्के. त्यापुढे कुठलीही कड दातेरीच दिसते आणि माणूस नसलेले दोष दुरुस्त करत बसतो. शेवटचा निकाल 1 दाबून 100 टक्क्यांवर लावायचा. 67 टक्क्यांसारख्या अधल्यामधल्या झूमवर चित्र स्क्रीनसाठी नव्याने मोजलं जातं, तिथे बारीक किनार दिसेलच असं नाही.

दुरुस्तीत कातडं आणि गोंडा यांना एकच औषध लावता येत नाही. टाचेसारख्या कडक कडेवर सिलेक्शन एका पिक्सेलने आत घेतलं (Select > Shrink) की उजळ रेघ बहुतेक जाते. गोंड्यावर तेच केलं तर धागे कापले जातात आणि गोंडा दाढी केल्यासारखा दिसतो. तिथे मास्कला हात लावत नाही. मास्कऐवजी मूळ चित्र निवडतो, धाग्याचा आतला रंग उचलतो आणि मऊ ब्रशने कडेवर फिरवतो. पारदर्शकता तशीच राहते, फक्त पांढऱ्याच्या जागी धाग्याचा रंग येतो. वेणीतली भोकं मात्र मास्कवर काळ्या ब्रशने एकेक करूनच काढावी लागतात. त्याला शॉर्टकट मला सापडलेला नाही.

व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून आलेल्या चित्रावर हा सगळा खटाटोप अर्धाच फळतो. त्यातल्या जेपीजीच्या दाबण्यामुळे कडेलगत ठिपक्यांचा गाळ जमतो आणि कातडं नेमकं कुठे संपतं हेच कळत नाही. मी दुकानदारांना फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगतो. कटआउटही पीएनजी करून तसाच परत पाठवतो, कारण फोटो म्हणून पाठवला की पारदर्शकता जाते.

एक्स्पोर्ट करताना खालचे दोन्ही लेयर बंद करायचे, नाहीतर चप्पल हिरव्या चौकटीसकट फ्लेक्सवाल्याकडे पोचते.