बाजारातली ‘चार महिन्यांची गाभण’ म्हैस

आठवडी बाजारात व्यापाऱ्याने मुऱ्हा म्हैस दाखवली. “दादा, चार महिन्यांची गाभण हाय. रेतन केल्यापासनं एकदाही माजावर आली नाही.” पोट भरदार, अंगावर तकाकी. त्याच्याच ओळखीच्या एकाने तिथल्या तिथे शेणाच्या वाटेने हात घालून “गाभणच” असं सांगितलं. गाभण म्हशीचा भाव मोजून आम्ही ती घरी आणली.

पुढे ती बसली की जागेवर पांढरट-पिवळा पू दिसू लागला. पशुवैद्यकांनी हात घातला. गर्भाची पिशवी मोठी होती, आत काहीतरी पातळ भरलेलं लागत होतं. पण एवढ्या दिवसांच्या गाभाला पिशवीच्या भिंतीवर सुपारीएवढ्या गाठी लागतात, पिशवीकडे जाणारी धमनी बोटांखाली थरथरते. इथे दोन्ही नव्हतं. मग सोनोग्राफी केली. ना पारडू, ना हृदयाचा ठोका. नुसता ढगाळ द्रव आणि त्यात तरंगणारे कण. पिशवीत पू साठला होता.

व्यापाऱ्याचं माजाबद्दलचं बोलणं कदाचित खरंच असेल. पिशवीत पू साठला की अंडाशयावरची पिवळी गाठ विरघळत नाही आणि गाभण जनावरासारखाच माज बंद होतो. शिवाय म्हशीचा माज मुका असतो, उन्हाळ्यात तर तो कळतही नाही. त्यामुळे रेतनानंतर 21 दिवसांनी उलटली नाही, म्हणजे पुन्हा माजावर आली नाही, हा फार तर अंदाज. पोट आणि कास यांवरून तर सुरुवातीच्या महिन्यांत काहीच ठरत नाही.

हाताची तपासणी भरवशाची, पण वेळ पाळली तरच. सरावलेल्या हाताला गाय साधारण 45 ते 60 दिवसांत कळते, म्हशीला 60 दिवस तरी थांबावं. सोनोग्राफीत 30 दिवसांच्या सुमारास गर्भ आणि त्याचा ठोका दिसतो. मात्र इतका कोवळा गर्भ नंतर जिरूही शकतो, म्हणून 60 दिवसांनी पुन्हा तपासणी लागतेच.

पू बाहेर काढायला डॉक्टरांनी प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन दिलं. हेच इंजेक्शन गाभण जनावराला दिलं तर गाभ पडतो, म्हणून त्यांनी सोनोग्राफी होईपर्यंत सुईला हात लावला नव्हता. नुसता स्राव बघून कुणी हे इंजेक्शन द्यायला निघाला तर त्याला थांबवा.

व्यापाऱ्याने हात वर केले, “वाटेत गाभडली असंल.” लेखी काही नव्हतं, पैसे बुडाले. गाभण म्हणून जनावर घेणार असाल तर पैसे देण्याआधी तुमचा स्वतःचा डॉक्टर न्या. दुसरा कुणी हात घालून “गाभण” म्हणाला तर हाताला नक्की काय लागलं ते विचारा: गाठी, थरथर की पारडू? “पिशवी मोठी आहे” एवढंच उत्तर आलं तर सोनोग्राफी झाल्याशिवाय दावं सोडू नका.