खुंट्या कोणाकडून मारून घ्याव्यात: खासगी सर्वेक्षक की सरकारी सीमांकन?

गोव्यात घराचा पाया खणण्यापूर्वी हद्द तपासण्याचे हे दोन मार्ग आहेत. खासगी सर्वेक्षक टोटल स्टेशन हे मोजणीचे यंत्र घेऊन लवकर येतो. मात्र त्याने मोजणी कोठून सुरू केली, हे विचारलेच पाहिजे. शेजारचा चिऱ्यांचा गडगा हीच हद्द मानली आणि तो मुळात शेजाऱ्याच्याच जागेत ४० सेंटीमीटर आत बांधलेला असला, तर आराखड्यात सोडलेले ३ मीटरचे अंतर नकाशातील हद्दीपासून २.६० मीटरच भरते. म्हणून नकाशातील किमान दोन-तीन जुने दगड प्रत्यक्ष शोधून त्यांच्यातील अंतरे जुळवून पाहावीत. तरीही १:१००० मापाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अर्धा मीटर व्यापते. तेवढ्या फरकावर कोणतेही यंत्र निवाडा देऊ शकत नाही.

भूमापन खात्याच्या सीमांकनाला वेळ लागतो, पण लगतच्या धारकांना सूचना देऊन मोजणी होत असल्याने वादात तिचे वजन अधिक असते. शेजारी सहमत असल्यास खासगी मोजणी पुरेशी ठरते. गडगा आणि नकाशा जुळत नसल्यास मात्र, माझ्या मते, सरकारी खुंट्यांशिवाय खणू नये.