स्वतःचं नाव की स्टुडिओचं नाव? एकट्याने काम करणाऱ्यांसाठी

मी पुण्यातून अनुवाद आणि सबटायटलिंगचं काम करतो, एकटाच. आधी काही वर्षं स्टुडिओच्या नावाने केलं, आता स्वतःच्या नावाने करतो. नवीन कोणी या लाइनमध्ये आलं की रेटच्या आधी नावाचं विचारतं, म्हणून दोन्ही बाजू जशा मला दिसल्या तशा लिहितोय. तुमचं काम डिझाइनचं असेल, अकाउंट्सचं असेल, कंटेंट रायटिंगचं असेल, तरी यातलं बरंचसं तसंच लागू पडावं.

उदाहरणासाठी एक नाव धरू. समजा तिचं नाव अनघा क्षीरसागर. एक पर्याय म्हणजे ती 'अनघा क्षीरसागर' म्हणूनच काम करेल, नावाखाली बारीक अक्षरात 'मराठी-इंग्रजी अनुवाद आणि सबटायटल्स'. दुसरा पर्याय, 'पैलतीर स्टुडिओ'.

पहिल्यांदा ऐकताना 'पैलतीर स्टुडिओ' जास्त भारदस्त वाटतं, यात वाद नाही. मोठ्या एजन्सीला मेल करताना स्टुडिओचं नाव असलं की समोरचा आपल्याला व्हेंडर म्हणून बघतो, आणि स्वतःचं नाव असलं की कधीकधी थेट रिझ्युमे मागतो, नोकरीला आल्यासारखा. हा फरक मी अनुभवलाय. पण तो पहिल्या मेलपुरताच टिकतो असंही बघितलंय. एक काम नीट गेलं की पुढचा फोन 'अनघाताई आहेत का' असाच येतो. स्टुडिओचं नाव सेव्ह करून ठेवणारे फार कमी, आणि ओळखीतून काम पुढे सरकतं तेव्हा लोक माणसाचंच नाव सांगतात.

नाव मोकळं आहे का ते बघण्याची कटकट दोघांना सारखी नाही. स्वतःच्या नावाला परवानगी कोणाची लागत नाही, ट्रेडमार्कचा १९९९ चा कायदासुद्धा प्रामाणिकपणे स्वतःचं नाव वापरणाऱ्याच्या आड येत नाही. स्टुडिओच्या नावाला मात्र अर्धा दिवस द्यायला हवा. आयपी इंडिया म्हणजे ट्रेडमार्क नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या साइटवर पब्लिक सर्च फुकट आहे, तिथे नुसतं 'स्टार्ट विथ' करून थांबू नका, 'फोनेटिक' पण करा, कारण स्पेलिंग वेगळं पण उच्चार तोच असलेलं नावही पुढे अडवू शकतं. ट्रेडमार्कसाठी कामांचे क्रमांक दिलेले गट असतात, त्यांना क्लास म्हणतात, अनुवाद आणि सबटायटलिंग क्लास ४१ मध्ये येतं, तुमचं काम कुठल्या क्लासमध्ये येतं ते आधी पक्कं करून मग सर्च करा. अनुवादवाल्यांना एक वेगळंच सांगेन, शब्द, अक्षर, सेतू यातलं काही नावात घालायचा मोह होतो, पण ते सगळ्यांनाच सुचतं, आणि सर्चमध्ये तुम्ही त्या गर्दीत हरवता. शिवाय छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र धंद्याच्या नावात-लोगोत आपल्याला आपुलकीने घ्यावंसं वाटतं, पण १९५० च्या कायद्याने सरकारच्या परवानगीशिवाय ते घेता येत नाही. आणि एकट्याच्या कामाला 'लिमिटेड' लावणं तर सरळ दंडाचं काम आहे.

स्पेलिंगचा त्रास दोन्हीकडे आहे, इथे कोणी जिंकत नाही. क्षीरसागर `Kshirsagar` पण होतं आणि `Ksheersagar` पण, पैलतीर `Pailtir` होतं, `Pailteer` होतं. फोनवर मेल आयडी सांगताना दोघांचाही घाम निघतो. माझं मत असं की स्वतःचं नाव घेतलंत तर जे स्पेलिंग पॅन कार्डवर आहे तेच सगळीकडे वापरा, आवडतं स्पेलिंग बाजूला ठेवा, आणि जमलं तर दुसऱ्या स्पेलिंगचं डोमेन पण घेऊन पहिल्यावर वळवून टाका.

आता ज्या गोष्टीने माझ्यापुरता निकाल लागला ती सांगतो, आणि ती आहे पैसे येण्याची. काम छान झालं, इनव्हॉइस स्टुडिओच्या नावाने गेलं, आणि मग क्लायंटच्या अकाउंट्समधून फोन, 'सर, इनव्हॉइसवर वेगळं नाव आहे, पॅनवर वेगळं, कॅन्सल्ड चेकवर वेगळं, व्हेंडर फॉर्म पुढे जात नाहीये.' ज्याने काम दिलं तो माणूस आपल्याला ओळखतो पण पैसे तो पाठवत नाही, आणि जो पाठवतो त्याच्यासमोर फक्त तीन कागद असतात, त्याचंही चुकत नाही. मग आपण पत्र लिहून द्यायचं की अमुक स्टुडिओ म्हणजे मीच, सही-शिक्का, स्कॅन, परत मेल, आणि तोवर पेमेंटची तारीख निघून गेलेली, पुढच्या महिन्याच्या सायकलमध्ये. असं एका क्लायंटकडे झालं असतं तर सोडून दिलं असतं, पण प्रत्येक नव्या क्लायंटकडे हेच, म्हणजे जो महिना आपल्याला सगळ्यात जास्त पैशांची गरज असते नेमका तोच अडकतो.

यामागचं कारण साधं आहे. एकट्याच्या प्रोप्रायटरशिपला कायद्यात वेगळं अस्तित्व नसतं, पॅन आपलंच, टीडीएस कापला जातो तो आपल्याच पॅनवर, स्टुडिओ हे फक्त टोपणनाव. पूर्वी हा फरक झाकला जायचा, आता नाही जात. २०२५ च्या मध्यापासून यूपीआयवर पैसे पाठवणाऱ्याला बँकेत नोंदवलेलं नावच दिसतं, आपण ॲपमध्ये किंवा क्यूआरमध्ये काहीही लिहिलेलं असो. एनईएफटी-आरटीजीएसलाही पैसे पाठवायच्या आधी खातेदाराचं नाव बघता येईल अशी सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्या असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं होतं. ही सगळी चांगलीच व्यवस्था आहे, फसवणूक थांबते, पण 'पैलतीर स्टुडिओ'ला पाठवायला निघालेल्या माणसाला स्क्रीनवर 'अनघा क्षीरसागर' दिसलं की तो थांबतो, आणि थांबणं बरोबरच आहे. परदेशातून पैसे येणार असतील तर अजून जपा, तिथे बेनिफिशियरीचं नाव आणि खात्याचं नाव जुळलं नाही की पैसे बँकेत अडकून राहू शकतात आणि खुलासे द्यावे लागतात.

यावर उपाय नाही असं नाही. स्टुडिओच्या नावाने करंट खातं उघडा, झालं. त्यासाठी प्रोप्रायटरला बँक साधारण दोन पुरावे मागते, आणि ते मिळवणं अवघड नाही. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि फुकट आहे, तिथे एंटरप्राइझचं नाव वेगळं टाकता येतं. महाराष्ट्रात एकट्याचं काम असेल तर गुमास्ता म्हणजे शॉप ॲक्टची नुसती इंटिमेशन ऑनलाइन द्यायची असते. पण मग खातं सांभाळायचं, करंट खात्याला सहसा व्याज नाही, मिनिमम बॅलन्स बहुतेक ठिकाणी बचत खात्यापेक्षा जास्त, आणि नाव बदलायचं ठरलं तर सगळं परत. जीएसटी असेल तर ट्रेड नेम बदलणं हा कोअर म्हणजे मुख्य बदल धरतात, आरईजी-१४ हा फॉर्म भरून मंजुरीची वाट बघावी लागते. सेवा देणाऱ्यांना आपल्याकडे वर्षाला २० लाखांपर्यंत सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही, त्यामुळे सुरुवातीला बऱ्याच जणांना हा प्रश्न येणार नाही, पण कागद वाढतात ते वाढतातच. महिन्याला दोन-तीन इनव्हॉइस काढणाऱ्या माणसासाठी हे सगळं जरा जास्त होतं असं मला वाटतं, तुम्हाला वाटणार नाही कदाचित.

ज्यांना स्टुडिओचं नाव हवंच आहे त्यांनी निदान एवढं करावं. इनव्हॉइसच्या वर मोठ्या अक्षरात पॅनवरचं नाव, खाली 'प्रोप्रायटर, पैलतीर स्टुडिओ', आणि बँकेच्या तपशिलात खात्याचं नाव जसंच्या तसं. पहिल्या कोटेशनपासूनच असं ठेवा, म्हणजे व्हेंडर फॉर्म भरतानाच योग्य नाव जातं. माझे एक परिचित असंच करतात आणि त्यांचं व्यवस्थित चाललंय.

आणि काही जणांना स्टुडिओच घ्यायला हवा, हे मनापासून सांगतो. दोन वर्षांत माणसं घ्यायची असतील, काम पुढे दुसऱ्याच्या हातात द्यायचं असेल, तर स्वतःचं नाव आड येतं, क्लायंट म्हणतो ताई तुम्हीच करा. लग्नानंतर आडनाव बदलायचं की नाही हे ठरलं नसेल, तर आडनावावर बांधलेली ओळख डोक्याला ताप होऊ शकते. अनोळखी लोकांनी नावाने सोशल मीडियावर शोधून काढावं हे नको असेल, आणि बाईमाणसांना हा त्रास किती होतो हे मी जवळून बघितलंय, तर स्टुडिओचं नाव ही खरी सोय आहे, पेमेंटची कटकट धरूनसुद्धा. ट्रेडमार्कही बनवलेल्या वेगळ्या शब्दाला सोपा जातो, सर्रास आडनावाला अवघड. वैयक्तिक अर्जाची ऑनलाइन फी एका क्लासला ४,५०० रुपये आहे. नावापुढे टीएम लावायला नोंदणी लागत नाही, गोलातला आर मात्र नोंदणी झाल्याशिवाय लावू नका, तो गुन्हा आहे.

लोगोचं फार लांबवत नाही. नाव कुठलंही घ्या, चिन्ह नको, नुसतं नाव एका फॉन्टमध्ये नीट लिहा, आणि सोबत एखाद-दोन अक्षरांचं छोटं रूप करा, कारण व्हॉट्सॲपचा डीपी गोल कापला जातो आणि चॅट लिस्टमध्ये पूर्ण नाव वाचताच येत नाही. इथे 'अ. क्षी.' छान बसतं, 'पैलतीर स्टुडिओ' बसत नाही, 'पै' बसेल. एक रंग ठरवा, पण आधी काळ्यात करून बघा, इनव्हॉइसची झेरॉक्स काढा, फिकट राखाडी रेषा गायब झाल्या तर डिझाइन बदला. फॉन्ट असा घ्या ज्यात देवनागरी आणि रोमन दोन्ही एकाच हाताने काढलेलं वाटतं. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता हा फॉन्ट फुकट आहे आणि व्यवसायाला वापरता येतो, पॉपिन्सही तसाच. मराठी नाव असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतायत का, 'ऱ्या' तुटत नाही ना, हे मोठं करून बघा, बऱ्याच फॉन्टमध्ये मूळ ल-श हिंदी वळणाचे असतात आणि मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्याला ते लगेच खटकतं.

माझं म्हणाल तर मी पॅनवरचं नाव, त्याखाली कामाची एक ओळ, आणि मुक्ता, एवढ्यावर थांबलोय. व्हेंडर फॉर्मवरून फोन येणं बंद झालं, पहिल्या पेमेंटला लागणारा वेळ नक्की कमी झालाय. कोणाला नंतर स्टुडिओ करायचा असेलच तर उद्यममध्ये नाव घालून तेव्हा करंट खातं उघडता येतं, त्या बाजूने जाणं सोपं आहे, उलट्या बाजूने येताना मला प्रत्येक जुन्या क्लायंटला नवीन व्हेंडर फॉर्म भरून द्यावा लागला.