‘रोज ९२ युनिटांची बचत’ दाखवणाऱ्या व्हीएफडीने माझे पावणेदोन लाख कसे नेले

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझे टॉवेलच्या रंगाई-धुलाईचे छोटे प्रोसेस हाउस आहे. तेथील पाण्याच्या पंपावर ‘निम्मे बिल वाचवणारा’ व्हीएफडी, म्हणजे मोटरची गती कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, बसवून देतो असे सांगून एका माणसाने माझ्याकडून १,७४,६४० रुपये घेतले. ड्राइव्हची किंमत १,४८,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २६,६४० असा हा हिशेब आहे. तो आजही एमआयडीसीत हिंडत असल्याचे ऐकतो, म्हणून हे लिहितो आहे.

प्रथम एक स्पष्ट करतो, कारण हे ज्यांना सांगितले त्या प्रत्येकाने ‘व्हीएफडीने बचत होत नाही का?’ असा उलट प्रश्न केला. होते. मोटरची गती कमी केली की पंखा किंवा पंप ओढत असलेली वीज गतीच्या घनाच्या प्रमाणात उतरते, म्हणजे गती ८० टक्के केली तर भार साधारण ५१ टक्क्यांवर येतो. हा नियम खराच आहे आणि याच नियमाचा आलेख त्याने माझ्यापुढे ठेवला. मी वाणिज्य शाखेचा माणूस, सुताचा नंबर हाताने ओळखीन, पण पंपाचे वक्र मला कोण शिकवणार होते? हा नियम पाइपातील घर्षणाविरुद्ध काम करणाऱ्या पंपाला लागू पडतो आणि पाणी उंचावर चढवणाऱ्या पंपाला जसाच्या तसा लागू पडत नाही, हे वाक्य त्या आलेखाखाली कोठेही नव्हते.

माझा पंप १५ एचपीचा, म्हणजे ११ किलोवॅटचा आहे. तो जमिनीतील हौदातून ४५,००० लिटरच्या उंच टाकीत पाणी टाकतो. हौदापासून टाकीच्या तोंडापर्यंतची सरळ उंची २२ मीटर आहे आणि पाइप, वाकणे व झडपा यांच्या घर्षणासाठी आणखी चारच मीटर लागतात. म्हणजे पंपाचे जवळजवळ सगळे बळ उंचीशी झगडण्यात जाते, आणि मोटर सावकाश फिरवली म्हणून उंची काही कमी होत नाही. पूर्ण गतीला हा पंप तासाला ९०,००० लिटर पाणी देत होता आणि १०.४ किलोवॅट वीज घेत होता. दिवसाची गरज ३,६०,००० लिटरची, तेव्हा पंप चार तास चाले आणि साधारण ४२ युनिट जळत. हे आकडे मला आज तोंडपाठ आहेत. त्या दिवशी त्यातला एकही कोणी मला विचारला नाही, आणि ज्याने विचारायला हवा होता त्याला विचारण्यात रस नव्हता.

आता तो क्षण, जो आठवला की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. ड्राइव्ह जोडून झाला. त्याने पॅनेलवरचे बटण फिरवत मोटरची गती ठरवणारी वारंवारिता ५० हर्ट्झवरून हळूहळू खाली आणली आणि ४० वर थांबला. मोटर फिरत होती, आवाज मऊ झाला होता, आणि वर टाकीजवळ उभा असलेला आमचा पंप पाहणारा माणूस ओरडला, “सायब, पाणीच यायचं थांबलंय की!” त्यावर या गृहस्थाने, जणू काही झालेच नाही अशा थाटात, ४२ वर आणले. वरून पुन्हा आवाज आला, “आलं, पण धार लई बारीक पडालीय.” त्याने हसून मला सांगितले, “बघा, प्रवाह सौम्य झाला. आता तुमच्या पाइपलाइनवर ताण येणार नाही. ४२ ही तुमच्या पंपाची अचूक जागा आहे.” आणि मी मान डोलावली.

४० हर्ट्झला पंप फिरत असूनही पाणी का थांबले, हे मला नंतर एका पंप दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसाने दोन मिनिटांत सांगितले. झडप पूर्ण बंद असताना हा पंप पूर्ण गतीला ३४ मीटरपर्यंतचा दाब देतो. हा दाब गतीच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो, म्हणून ४० हर्ट्झला तो २२ मीटरच्याही किंचित खाली येतो. पाणी टाकीच्या तोंडापर्यंत पोचतच नाही, नुसते पंपात घुसळून तापते. ४२ वर तो जेमतेम २४ मीटर होतो आणि थोडे पाणी वर जाऊ लागते. म्हणजे ४० वरून ४२ वर जाणारा तो हात अजाण नव्हता. पाणी दिसेल इतपत आणि वीज कमी दिसेल इतपत, नेमकी ती जागा त्याने शोधली. ज्याला हे कळते, त्याला बचत होणार नाही हेही कळते.

मग त्याने क्लॅम्प मीटर लावून दाखवला. आधी १७ अँपिअर, नंतर साडेसात. “छप्पन टक्के!” असे तो म्हणाला. अँपिअर म्हणजे युनिट नव्हेत, ही गोष्ट बाजूला ठेवली तरी ड्राइव्हकडे जाणाऱ्या तारेतला प्रवाह तुटक टोकदार असतो आणि साधा क्लॅम्प मीटर तो बराच कमी दाखवतो. तेथे असा प्रवाहही बरोबर मोजणारा ट्रू आरएमएस मीटर लागतो. आम्ही पुढे तसा मीटर लावला तेव्हा त्याच स्थितीत ११ अँपिअर आले. ग्राहकाच्या दारात तराजूही स्वतःचा आणि वजनेही स्वतःची घेऊन येणाऱ्यातला हा प्रकार होता. विक्रेत्याच्या मीटरवर काहीही ठरवू नका. ड्राइव्हच्या आधी आपला स्वतंत्र युनिट मीटर बसवा. त्याला येणारा खर्च माझ्या नुकसानापुढे काहीच नाही.

पैशाचे कलम त्याने असे लिहिले होते की कोणालाही विश्वास वाटावा. निम्मी रक्कम, ८७,३२० रुपये, आगाऊ, आणि उरलेली ‘ड्राइव्हच्या पडद्यावर २,००० युनिटांची बचत नोंदल्यावर’. बचत झाल्याशिवाय पैसे नाहीत, यापेक्षा सरळ काय असणार? पडद्यावर बचतीचा आकडा रोज साधारण ९२ युनिटांनी वाढत होता. मी रोज संध्याकाळी जाऊन तो पाहत असे आणि घरी सांगतही असे. बचत २,००० च्या पुढे गेली, त्याने पडद्याचा फोटो काढला आणि मी दुसरा हप्ता दिला. त्यानंतर महिन्याचे बिल आले. ते मागच्या महिन्यापेक्षा वाढलेले होते.

जो पंप मुळात दिवसाला ४२ युनिट खात होता, तो दिवसाला ९२ युनिट वाचवत होता. हे वाक्य मी स्वतःशी कितीदा म्हटले असेल! उलगडा ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये झाला. बचतीचा तो आकडा मोजलेला नसतो. ‘ड्राइव्ह नसता तर किती भार असता’ हा संदर्भाचा आकडा बसवणारा माणूस हाताने भरतो आणि त्यातून चालू भार वजा होत राहतो. माझ्या ड्राइव्हमध्ये तेथे १५ किलोवॅट भरले होते. मोटर १५ एचपीची, तेव्हा पाहणाऱ्यालाही तो आकडा ओळखीचा वाटावा. खरा भार १०.४ होता. ४२ हर्ट्झला ड्राइव्ह ५.६ किलोवॅट घेत होता, म्हणून पडदा तासाला ९.४ युनिट वाचले असे लिहीत होता. त्यात पाणी तासाला ९०,००० ऐवजी साधारण ३७,००० लिटर पडत असल्याने तेवढ्याच पाण्यासाठी पंप चारऐवजी जवळजवळ दहा तास चाले. म्हणजे पंप जितका जास्त वेळ रखडेल, तितकी पडद्यावरची बचत वाढे! प्रत्यक्षात ५.६ किलोवॅट दहा तासांच्या आसपास म्हणजे ५५ युनिट. हजार लिटरमागे पूर्वी ०.११६ युनिट जात होते, आता ०.१५ जात होते. दिवसाला १३ युनिट जास्त, महिन्याचे २६ दिवस धरले आणि युनिटला ९ रुपये, तर तीन हजारांहून अधिकचा भुर्दंड, तोही पावणेदोन लाख देऊन.

बचतीची हमी घ्यायची तर ती किलोवॅटमध्ये किंवा टक्क्यांत घेऊ नका. ‘हजार लिटर पाण्यामागे किती युनिट’ अशीच लिहून घ्या. घड्याळ लावून टाकी भरायला किती वेळ लागतो ते आधी आणि नंतर स्वतः पाहा.

तक्रारीची कथा तर वेगळीच. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, “यंत्र मिळाले ना? चालते ना?” मी हो म्हणताच ‘हा दिवाणी वाद आहे’ असे सांगून अर्ज बाजूला सरकवण्यात आला. संदर्भाचा आकडा खोटा भरून हप्ता उकळला, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधली फसवणूक होते, असे वकिलाने लिहून दिले. ते वाचण्याऐवजी ‘हर्ट्झ म्हणजे काय’ हे मलाच समजावून सांगावे लागले, आणि सांगून झाल्यावर ते साहेब बदली होऊन गेले. नव्या साहेबांनी पुन्हा विचारले, यंत्र चालते ना? वीज कार्यालयात गेलो तर ‘आमचा मीटर बरोबर आहे, मीटरच्या पलीकडे तुमचे तुम्ही’ हे उत्तर तयारच होते. मी त्यांच्या मीटरवर संशय घेतलाच नव्हता, उलट त्याच मीटरने मला खरे सांगितले, पण तसे लेखी द्यायलाही कोणी तयार नाही. ग्राहक आयोगाचा विचार केला तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी केलेली खरेदी बसत नाही, आणि केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठीचा स्वयंरोजगार ही सवलत कामगार ठेवणाऱ्या माझ्यासारख्याला मिळणे अवघड, असे वकिलाचे मत पडले. कर भरताना आम्ही उद्योजक असतो, फसल्यावर मात्र आम्ही कोणीच नसतो.

आणखी एक चीड आणणारी गोष्ट. मोटर सुरू करणारा जुना स्टार-डेल्टा स्टार्टर तो ‘भंगारात कोण घेणार’ म्हणून फुकट उचलून घेऊन गेला. पंप पूर्वीसारखा चालवायला मला ८,५०० रुपयांचा नवा स्टार्टर घ्यावा लागला. जुना स्टार्टर कधीही हातचा सोडू नका, ड्राइव्ह चांगला असला तरी बंद पडला तर त्या दिवशी तोच कामाला येतो.

ड्राइव्ह फेकून दिलेला नाही. बॉयलरच्या १० एचपीच्या आयडी फॅनचा डँपर, म्हणजे हवा अडवणारी झडप, आम्ही वर्षानुवर्षे निम्मा बंद ठेवत होतो. धूर ओढणाऱ्या पंख्याला उंचीशी झगडावे लागत नाही, अडथळा सगळा वाहत्या हवेचाच असतो, म्हणून आमच्या इलेक्ट्रिशियनने मोटरचे अँपिअर नव्याने भरून ड्राइव्ह तेथे जोडला, डँपर पूर्ण उघडला आणि फॅन ३८ हर्ट्झवर आणला. चिमणीची ओढ तितकीच राहिली आणि स्वतंत्र मीटरवर भार ६.१ वरून ३.२ किलोवॅट झाला. त्या माणसाला कारखान्यात ही जागा दिसली नसेल असे नाही, तो तिच्या शेजारून पंपाकडे गेला होता; पण तेथे लहान आणि स्वस्त ड्राइव्ह लागला असता.

पंपावर खरोखर वीज वाचवायची असेल, तर आमच्या उंचीला जुळणारा, चांगल्या कार्यक्षमतेचा पंप निवडणे हाच मार्ग आहे, आणि तपासणी करून घ्यायची तर ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीचे प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक आहेत, जे ड्राइव्ह विकत नाहीत. पाणी फार उंच चढवायचे नसेल आणि घर्षण मोठे असेल, अशा लांब पाइपलाइनवर किंवा फिरत्या पाण्याच्या पंपावर व्हीएफडी जरूर विचारात घ्या.

माझा अर्ज अजून ठाण्यातच पडून आहे. अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीत ज्यांच्या पंपावर असा ‘बचत’ दाखवणारा पडदा बसवला असेल, त्यांनी आज ड्राइव्हच्या सेटिंगमधला संदर्भ भार पाहावा, तो मोटरच्या खऱ्या भारापेक्षा जास्त असेल तर त्याचा फोटो काढून ठेवावा आणि मला कळवावे, कारण चार-पाच जणांचे फोटो एकत्र आले तर ‘दिवाणी वाद’ म्हणून अर्ज परत करणे पोलिसांना तितकेसे सोपे जाणार नाही.