स्मार्ट स्पीकर: ब्लूटूथ की घरचं वायफाय?

घोडबंदर रोडच्या टॉवरमधला टू बीएचके, हॉलमध्ये स्पीकर, फोन घेऊन माणूस स्वयंपाकघरात. प्रश्न इथेच सुटतो. ब्लूटूथमध्ये गाणं फोनमधून जातं, म्हणून मध्ये दोन भिंती आल्या की ते तुटतं आणि फोन वाजला की थांबतं. वायफायवर कास्ट केलं तर फोन फक्त हुकूम देतो. गाणं स्पीकर स्वतः इंटरनेटवरून ओढतो. फोन बंद झाला तरी चालू राहतं.

मेहनत मात्र वायफायला जास्त. अ‍ॅपमध्ये स्पीकर जोडताना फोनचं ब्लूटूथ आणि लोकेशन चालू ठेवा. स्पीकर फक्त 2.4 गिगाहर्ट्झवाला असेल, तर त्याला 5 चं नेटवर्क दिसणारच नाही. सेटअप झाला, तरी कास्टच्या यादीत स्पीकर नाही? फोन गेस्ट नेटवर्कवर असू शकतो. दोन्ही एकाच नेटवर्कवर आणा.

नेट गेलं की कास्टिंग संपलं. फोनमध्ये उतरवलेली गाणी ब्लूटूथवर वाजतात.

दिवसभर रेडिओ, भजनं लावणाऱ्यांनी वायफाय घ्यावं. पाहुण्याच्या फोनवरचं एखादं गाणं ऐकायचं तर ब्लूटूथ. त्यासाठी पासवर्ड कशाला वाटायचा?